हँगर की घडी?

कपडा भारी असेल तर तो हँगरलाच लावावा, हा समज चुकीचा नसला तरी अपुरा आहे. खरा प्रश्न असतो कापड कसं तयार झालं आहे हा.

स्वेटर विणीचा (धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेला) असतो. बाजाराची जाळीची पिशवी भरली की लांबते, तसा टांगलेला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबतो आणि खांद्यावर टोकं येतात. त्याची घडीच घालावी. शर्टाचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं असतं, त्यामुळे ते ताण सहन करतं. वरचं बटण लावून, रुंद खांद्याच्या हँगरला शर्ट अडकवला की कॉलर नीट राहते.

म्हैसूरची रेशमी साडी मात्र वेगळी. तिचे धागे भरपूर पीळ दिलेले असतात, म्हणून ती अंगावर सुरेख पडते. पण जरीचे काठ जड असतात. तारेच्या हँगरवर महिनोन्‌महिने राहिली तर काठ साडीला खाली ओढतात आणि तारेच्या जागी वळ पडतो. घडीचाही धोका आहेच: एकाच रेषेवर दुमडत राहिल्यास रेशीम आधी तिथेच विरतं. बोट फिरवून पाहा, घडीची रेषा कडक लागली तर साडी उलगडायची वेळ झाली. साडी सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडीची जागा बदला.