सर, माझा ट्रान्झिस्टर राहिला आहे

टर्म संपत आली की इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षकाच्या टेबलावर अर्ज साठू लागतात. बहुतेकांचा मजकूर एकच असतो : ‘आजारी असल्याने प्रॅक्टिकलला उपस्थित राहू शकलो नाही, तरी सहकार्य करावे.’ सहकार्य म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कळत नाही. एका विद्यार्थिनीचा अर्ज याला अपवाद होता.

‘आदरणीय सर,
विषय : ट्रान्झिस्टर कॅरॅक्टरिस्टिक्सचे प्रॅक्टिकल पुन्हा करू देण्याबाबत.

टायफॉइडमुळे मी दोन आठवडे गैरहजर होते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सर्किट आकृती आणि रीडिंगचे कोरे तक्ते जर्नलमध्ये तयार आहेत. मैत्रिणीचे रीडिंग मी पाहिले, पण उतरवून घेतलेले नाही. आउटपुटच्या तीन वक्रांसाठी मला साधारण एक तास लागेल. इनपुटचा भाग वेळ उरल्यास करीन. दुसऱ्या बॅचच्या वेळी एखादे टेबल रिकामे असेल, तर तिथे बसू का?

आपली विद्यार्थिनी’

‘उतरवून घेतलेले नाही’ हे वाक्य वाचून मी थांबलो. गैरहजर मुले सर्रास मित्राच्या जर्नलमधले आकडे उतरवतात. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात ते खपूनही जाते, कारण रंगपट्ट्यांवरून एक किलोओहमचा म्हणून घेतलेला रेझिस्टर पाच-दहा टक्के इकडेतिकडे असला, तरी एक किलोओहमच्या जवळच असतो. ट्रान्झिस्टरचे तसे नाही.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमधून अगदी थोडा करंट सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कितीतरी पट करंट वाहतो. या पटीला बीटा म्हणतात. आपल्या लॅबमध्ये नेहमी दिसणाऱ्या बीसी ५४७ जातीत हा बीटा ११० पासून ८०० पर्यंत कुठेही असू शकतो. शेवटी ‘बी’ अक्षर असेल, तर तो २०० ते ४५० या पट्ट्यात येतो. म्हणजे एकाच पाकिटातून काढलेले, एकच नंबर छापलेले दोन नगही वेगळे वागतात.

तिला पुढच्या बुधवारी बोलावले. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर धरली की बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. तिने तो नेमका उलटा लावला. बेसचा करंट २० मायक्रोअँपियर ठेवूनही कलेक्टरचा मीटर जेमतेम हलला. ट्रान्झिस्टर जळालेला नव्हता. कलेक्टर आणि एमिटरची अदलाबदल झाली की तो चालतो, पण बीटा फारच कमी होतो. पाय सरळ केले आणि कलेक्टर-एमिटर व्होल्टेज ५ व्होल्टवर आणले, तेव्हा मीटरने ६.२ मिलिअँपियर दाखवले. ६.२ मिलिअँपियर म्हणजे ६२०० मायक्रोअँपियर. त्याला २० ने भागले की बीटा ३१०. मैत्रिणीच्या जर्नलात त्याच ठिकाणी ४.६ मिलिअँपियर होते, म्हणजे बीटा २३०. दोन्ही उत्तरे बरोबर होती.

मग तिने व्होल्टेज शून्यापासून वाढवत नेले. सुरुवातीला कलेक्टरचा करंट झरझर चढतो आणि थोड्याच अंतरात वक्र आडवा होतो. हे वळण अर्ध्या व्होल्टच्या आतच उरकते, त्यामुळे तिथे रीडिंग ०.१ व्होल्टच्या अंतराने घ्यावे लागते. पुढे एकेक व्होल्टने घेतले तरी चालते. घाईत मुले पहिलाच आकडा १ व्होल्टला घेतात आणि वळण अंदाजाने काढतात.

बेसचा करंट ६० मायक्रोअँपियर आणि व्होल्टेज १० व्होल्ट झाल्यावर ती गोंधळली. ‘सर, आकडा स्थिर राहत नाही, हळूहळू वाढतोय.’ मीटर खराब नव्हता. कलेक्टरमधून १९ मिलिअँपियरच्या आसपास करंट वाहत होता, म्हणजे त्या इवल्याशा काळ्या तुकड्यात जवळजवळ १९० मिलिवॅट उष्णता तयार होत होती. ट्रान्झिस्टर तापला की त्याचा बीटा वाढतो आणि करंटही चढतो. तिने सप्लाय बंद केला, मिनिटभर थांबली, पुन्हा चालू करून झटकन रीडिंग घेतले आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले : ‘तापल्यावर वाढतो.’

उतरवलेल्या जर्नलात हे दोन शब्द कधीच नसतात. त्यातले वक्र गुळगुळीत असतात आणि बीटा शेजारच्याशी दशांशापर्यंत जुळतो. शिक्षकाला चोरी तिथेच कळते.

म्हणून प्रॅक्टिकल चुकले असेल, तर अर्जात सहकार्य मागू नका. काय तयार आहे, काय टेबलावर बसूनच करावे लागेल आणि त्याला किती वेळ लागेल, एवढे लिहा. त्या मुलीच्या जर्नलवर मी सही केली, ती ३१० या आकड्याखाली.