नायक नुसता सोसत राहिला तर

पहिल्या कादंबरीच्या हस्तलिखितात हमखास आढळणारा नायक असा असतो: त्याची नोकरी जाते, भाऊ जमीन बळकावतो, प्रेयसी सोडून जाते. प्रत्येक प्रकरणात त्याच्यावर काहीतरी कोसळतं आणि तो व्याकूळ होतो. प्रसंग भरपूर, तरी शंभराव्या पानावर वाचक पुस्तक मिटतो. कारण एका प्रसंगातून दुसरा निघत नाही. प्रकरणांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, आणि कथा भरकटल्याची हीच खूण.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या दृष्टीने पुन्हा वाचावी. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, तेव्हा शाळा ओस असते. तो बराचसा पाहणारा, ऐकणारा माणूस. पण तो पोरं गोळा करतो आणि पुढे गावात तालीम बांधायचं मनावर घेतो. त्या एका निर्णयामुळे गाव कामाला लागतं, उद्‌घाटनाला राजा येतो. मग दुष्काळ पडतो. तो मास्तरच्या हातात नाही, तरीही गाव उठतं तेव्हा वाचकाला चटका बसतो, कारण उभं केलेलं काहीतरी मोडताना दिसतं.

म्हणजे नायक पराक्रमी हवा असं नाही. त्याला काहीतरी हवं असावं, त्यासाठी त्याने पाऊल उचलावं आणि त्याची किंमत मोजावी. जमीन गमावलेला नायक रडण्याऐवजी भावाच्या कपाटातून खरेदीखत चोरतो. आता पोलीस येणार, आई कुणाची बाजू घेणार हा पेच पडणार. पुढचं प्रकरण त्याच्याच कृतीने जन्माला आलं.

आपल्या हस्तलिखितातलं प्रत्येक प्रकरण नायकाला वगळून वाचून पाहा. तरीही सगळं तसंच घडत असेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घ्या.