बँकेच्या व्हेरिफिकेशनला किती उत्तर द्यावं?

भर दुपारी एचआरमध्ये फोन वाजतो. ‘बँकेतून बोलतोय. तुमच्याकडच्या अमुक मॅडमनी गृहकर्जासाठी अर्ज केलाय. पगार किती? राजीनामा वगैरे दिलाय का?’ असा फोन पुष्कळदा खरा असतो, कारण बँका हे काम बाहेरच्या एजन्सीला देतात. पण थकबाकीदाराचा माग काढणारा वसुली एजंटही अगदी असंच बोलतो. म्हणून फोनवर ‘हो, त्या इथेच आहेत’ एवढंही सांगू नये. ‘बँकेच्या अधिकृत ईमेलवरून प्रश्न पाठवा’ इतकं सांगून फोन ठेवावा.

मेल आली की आधी पत्ता नीट वाचायचा. बँकेच्या नावापुढे जीमेल दिसलं, तर शाखेचा नंबर बँकेच्या वेबसाइटवरून काढून तिथे विचारायचं. मेलमधल्या नंबरवर नव्हे. मग कर्मचाऱ्याची लेखी संमती घ्यायची, आणि कोणती माहिती, कोणाला, कशासाठी हे तीत स्पष्ट हवं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 यातही संमती विशिष्ट कारणापुरतीच धरली आहे. बँकेच्या अर्जावर सही आहे, म्हणून कंपनीने सगळं उघड करावं असं होत नाही.

समजा मॅडमनी नोकरी, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि पगार यांपुरती संमती दिली. बँकेने विचारलंय, ‘मासिक एकूण पगार 62,000 रुपये बरोबर आहे का?’ उत्तर असं पुरेल: ‘आजच्या तारखेस या व्यक्ती आमच्याकडे कायम पदावर, सीनिअर अकाउंटंट म्हणून, 3 जून 2019 पासून कार्यरत आहेत. आपण दिलेला पगाराचा आकडा आमच्या नोंदीशी जुळतो. इतर माहिती कंपनीच्या धोरणानुसार दिली जात नाही.’ आकडा जुळत नसेल, तर ‘जुळत नाही’ म्हणावं आणि मॅडमना कळवावं. खरा आकडा त्यांनीच पगारपत्रक किंवा फॉर्म 16 मधून बँकेला दाखवावा.

सर्वांत अवघड प्रश्न राजीनाम्याचा. नोटीस पीरियडमधला माणूस आज नोकरीत असतोच, म्हणून ‘आजच्या तारखेस’ हे शब्द खरे ठरतात. मात्र ‘पुढेही राहतील’ अशी हमी कधीच लिहू नये. शिवाय शेवटचं नकाराचं वाक्य प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पत्रात तसंच हवं. एरवी ‘राजीनामा नाही’ असं कळवायचं आणि एखाद्याच वेळी गप्प बसायचं, तर त्या गप्प बसण्यातूनच बँकेला उत्तर मिळतं. रजा, आजारपण, कामाचा दर्जा आणि घरचा पत्ता हेही त्याच नकारात येतं.

घरमालकासाठी याहून कमी पुरतं. नोकरीत असल्याचं आणि हुद्द्याचं पत्र थेट कर्मचाऱ्याच्या हाती द्यावं. ते कोणाला दाखवायचं हे तो ठरवेल. पगाराचा उल्लेख त्याने मागितला तरच करावा.

कंपनी लहान असली तरी अशा पत्रांवर सही करणारी एकच व्यक्ती नेमा, आणि रिसेप्शनवर बसणाऱ्यांना तिचं नाव आजच सांगून ठेवा.