माथ्यावरून मोजलेले अंतर : विल्यम्स %R

गेल्या आठवड्यात आपण स्टोकॅस्टिक पाहिला. तो वाचून एका वाचकाने विचारले, की त्याच्या चार्टवर स्टोकॅस्टिकच्या शेजारी 'Williams %R' नावाचा आणखी एक इंडिकेटर आहे. त्याची रेघ हुबेहूब तशीच वरखाली होते, पण आकडे सगळे ऋण दिसतात, हे कसे? प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले, की तेजीत हा इंडिकेटर दिवसेंदिवस छताला का चिकटून राहतो, हेही त्यातूनच उलगडते.

लॅरी विल्यम्स हे अमेरिकन ट्रेडर. त्यांनी १९७३ साली कमोडिटी बाजारावरच्या आपल्या पुस्तकात %R मांडला. स्टोकॅस्टिकचे %K आणि विल्यम्स यांचे %R, ही दोन्ही सूत्रे शेजारी शेजारी ठेवू.

```
%K = (C - LL) / (HH - LL) × 100
%R = (HH - C) / (HH - LL) × -100
```

C म्हणजे आजचा बंद भाव. HH आणि LL म्हणजे गेल्या ठरावीक दिवसांतला, बहुतेक चार्टवर १४ दिवसांतला, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव. छेद दोन्हीकडे एकच आहे, फरक फक्त अंशाचा. स्टोकॅस्टिक तळापासून मोजतो : आजचा भाव तळाच्या किती वर आला? %R माथ्यापासून मोजतो : आजचा भाव माथ्याच्या किती खाली राहिला? दहा मजली इमारतीत एकाने सांगावे, 'मी आठव्या मजल्यावर आहे', आणि दुसऱ्याने म्हणावे, 'मी गच्चीपासून दोन मजले खाली आहे', तसेच हे. स्टोकॅस्टिक ८० असेल तर %R −२० असतो. ९५ असेल तर −५. स्टोकॅस्टिकमधून १०० वजा केले की %R हातात येतो. ऋण चिन्हामुळे वरची बाजू वरच राहते आणि आलेख उलटा दिसत नाही. त्याला दुसरा काही अर्थ नाही.

चार्टवर दोघांत एक फरक मात्र दिसतो. स्टोकॅस्टिक बहुतेक वेळा तीन दिवसांच्या सरासरीने गुळगुळीत केलेला असतो. %R कच्चाच असतो, म्हणून तो टोकाला लवकर पोचतो आणि लवकर सुटतो. माहिती दोघांत एकच आहे. त्यामुळे 'स्टोकॅस्टिकने सांगितले आणि %R ने दुजोरा दिला' असे कुणी म्हणाले, तर तो दुजोरा नव्हे. एकाच साक्षीदाराला दोनदा उभे केले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे. −२० च्या वर गेले की 'ओव्हरबॉट' आणि −८० च्या खाली गेले की 'ओव्हरसोल्ड' असे सगळीकडे शिकवले जाते. ओव्हरबॉट म्हटले की भाव आता पडणार असे मनात येते. पण सूत्रात पडण्याचा कुठेच उल्लेख नाही. सूत्र फक्त म्हणते, की भाव माथ्याजवळ बंद झाला. आणि तेजी म्हणजे रोज माथ्याजवळ बंद होणे, याहून वेगळे काय असते?

कागद-पेन्सिल घेऊन एक काल्पनिक शेअर पाहू. तो रोज १० रुपयांनी चढतो. दिवसभरात वर-खाली मिळून २० रुपये फिरतो आणि दिवसाच्या उच्चांकाच्या ५ रुपये खाली बंद होतो. चौदा दिवसांत माथा तेरा वेळा १० रुपयांनी सरकला, म्हणजे १३०. त्यात पहिल्या दिवसाचा स्वतःचा २० रुपयांचा पट्टा मिळवला, की छेद १५० होतो. अंश फक्त ५. म्हणून %R −३.३. उद्या अंश ५ आणि छेद १५०, परवाही तेच. ही चढण दोन महिने चालली, तर आकडा दोन महिने −३.३ वरच खिळलेला राहील. माथा भावाबरोबर रोज वर सरकतो, म्हणून भाव कितीही चढला तरी माथ्यापासूनचे अंतर वाढत नाही. छेदात मात्र चौदा दिवसांची सगळी चढण साठलेली असते.

या साठवणीचा खरा परिणाम भाव घसरतो तेव्हा दिसतो. समजा हा शेअर एके दिवशी नवा उच्चांक न करता १५ रुपये खाली बंद झाला, म्हणजे दीड दिवसाची कमाई गेली. आता तो माथ्यापासून २० रुपये खाली आहे. चौदा दिवसांच्या खिडकीतून सर्वांत जुना दिवस बाहेर पडला, म्हणून छेद १४० झाला. %R येतो −१४.३. म्हणजे अजूनही 'ओव्हरबॉट'च. −२० च्या रेषेपर्यंत यायला त्याला एकाच दिवसात २३ रुपये पडावे लागेल.

आता तोच शेअर आडव्या बाजारात ठेवा. चौदा दिवस तो ४० रुपयांच्या पट्ट्यात फिरतो आहे आणि आज माथ्यापासून ५ रुपये खाली बंद झाला. %R −१२.५. इथे −२० गाठायला आणखी ३ रुपये पडले की पुरे. एकीकडे २३ आणि दुसरीकडे ३. चार्टवर −२० ची रेघ एकाच जागी आखलेली असते, पण रुपयांत तिचे अंतर बाजाराच्या चालीबरोबर बदलते. आडव्या बाजारात ती हाताशी असते आणि तेजीत खूप खाली जाते. आडव्या बाजारात उपयोगी पडणारा हा इंडिकेटर कल जोरात असताना चुकवतो, त्याचे कारण हेच आहे.

याला जोडून आणखी एक गोष्ट. शेअर १० ऐवजी रोज ३० रुपयांनी चढू लागला, तर छेद ४१० होईल आणि %R −१.२. तेजी तिप्पट झाली, पण आकडा जेमतेम दोन गुणांनी हलला. वर शून्याचे छत आहे, त्यापलीकडे जाता येत नाही. म्हणून मंद चढण आणि उसळी यांतला सगळा फरक त्या शेवटच्या दोन-चार गुणांत दबून जातो. तेजी किती जोरात आहे, हे %R ला विचारू नये.

खरे उदाहरण २०२३ च्या डिसेंबरमधले घेऊ. ३ डिसेंबरला, रविवारी, मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगडसह विधानसभांचे निकाल लागले. सोमवारी ४ तारखेला निफ्टी ४१८ हून अधिक अंकांनी चढून २०,६८६.८० वर बंद झाला, दिवसाच्या उच्चांकाला जवळजवळ टेकूनच. १४ दिवसांचा %R होता −१ च्या आसपास. पुस्तकी नियमाने पाहिले तर याहून जास्त ओव्हरबॉट काय असणार? त्या दिवशी ज्यांनी शॉर्ट केले, त्यांनी पुढे काय पाहिले असेल? १५ डिसेंबरला निफ्टी २१,४५६.६५ वर होता, म्हणजे आणखी ७७० अंक वर. %R तेव्हाही −२ च्या जवळपासच होता.

मधल्या काळात घसरण झालीच नाही, असेही नाही. १२ डिसेंबरला निफ्टीने २१,०३७.९० चा उच्चांक केला आणि मग तो आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा ९० अंक खाली, २०,९०६.४० वर बंद झाला. दिवस मंदीचा होता. पण चौदा दिवसांचा पट्टा तोवर सुमारे १,३३० अंकांचा झाला होता, म्हणून %R फक्त −१० पर्यंत आला. −२० च्या खाली जायला निफ्टी साधारण २०,७७० च्या खाली बंद व्हायला हवा होता. मला हा दिवस फार बोलका वाटतो. त्या दिवशी नफावसुली झाली, हे दिवसाच्या कँडलवर स्पष्ट दिसते, पण %R वर तिचा ओरखडाही उठत नाही.

मग २० डिसेंबर आला. निफ्टी २१,५९३ चा नवा उच्चांक करून तिथून कोसळला आणि ३०३ अंकांच्या घसरणीसह २१,१५०.१५ वर बंद झाला. %R −३१ च्या आसपास आला आणि छत सुटले. अनेकजण यालाच विक्रीचा इशारा मानतात. पण २८ डिसेंबरला निफ्टी २१,७७८.७० वर बंद झाला, म्हणजे २० तारखेच्या उच्चांकाच्याही वर. छत सुटणे म्हणजे कल संपणे नव्हे, एवढा धडा यातून घ्यावा.

सुटण्याची आणखी एक रीत आहे आणि ती जास्त फसवी आहे. आपला काल्पनिक शेअर १५ रुपये घसरल्यावर तिथेच थांबला असे समजा. रोज माथ्यापासून २० रुपये खालीच बंद होतो. अंश २० वर स्थिर आहे. पण रोज एक जुना, स्वस्त दिवस खिडकीबाहेर पडतो आणि तळ १० रुपयांनी वर सरकतो. छेद १४० वरून १३०, १२०, ११० असा आटत जातो. %R −१४ वरून −१५, −१७, −१८ असा उतरतो आणि चौथ्या दिवशी −२० वर येतो. भाव एक रुपयाही पडलेला नाही. रेघ खाली आली ती जमीन वर आली म्हणून. असा इशारा दिसला की आधी भावाचा आलेख पाहावा. भाव खरोखर पडला आहे, की फक्त थांबला आहे?

विल्यम्स स्वतः १० दिवसांची खिडकी वापरत. टोकाला पोचताच सौदा करा, असे त्यांनी सांगितलेले नाही. त्यांचा खरेदीचा नियम असा : %R आधी −१०० ला टेकला पाहिजे, शेवटचे टेकल्यानंतर पाच व्यवहार-दिवस गेले पाहिजेत, आणि मग तो −९५ किंवा −८५ च्या वर उठला पाहिजे. या पाच दिवसांतच सगळे शहाणपण आहे. मंदी जोरात असेल, तर नव्या तळावर बंद होताना %R पुन्हा −१०० ला टेकतो आणि दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. नव्या नीचांकावर बंद होणे थांबल्याशिवाय हा नियम पुरा होऊच शकत नाही. पुढे पुस्तकांतून आणि चार्टच्या सॉफ्टवेअरमधून −२० आणि −८० च्या रेघा तेवढ्या आपल्यापर्यंत पोचल्या. वाट पाहण्याची अट मागेच राहिली.

ती अट गाळली तर काय होते, हे २०२० च्या फेब्रुवारीत दिसले. २८ फेब्रुवारीला निफ्टी ११,२०१.७५ वर, दिवसाच्या नीचांकाच्या जवळ बंद झाला. १४ दिवसांचा %R −९८ च्या आसपास होता, म्हणजे पट्टीवर खाली जायला जागाच उरली नव्हती. भावाला मात्र होती : २३ मार्चला निफ्टी ७,६१०.२५ वर बंद झाला.

पुढच्या भागात कल जोरात आहे की नाही हे वेगळे मोजणारा एडीएक्स पाहू. तोवर वाचकांनी आपल्याकडच्या एखाद्या शेअरचे चौदा दिवसांचे भाव कागदावर मांडावेत आणि −२० ची रेघ आज नेमकी किती रुपये खाली आहे, ते स्वतः काढून पाहावे.