जुन्या पत्त्यावर आलेली सूचना आणि हातातले सात दिवस

जीमेलच्या खात्यात घुसलेला चोर सहसा आधी पत्रे वाचत बसत नाही. खरा मालक परत येऊ शकेल अशा वाटा तो पहिल्यांदा बंद करतो. पासवर्ड बदलतो, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काढतो आणि रिकव्हरी ईमेलच्या जागी स्वतःचा पत्ता टाकतो. रिकव्हरी ईमेल म्हणजे आपण खात्याबाहेर अडकलो तर गूगल ज्या दुसऱ्या पत्त्यावर कोड पाठवते तो पत्ता. तो चोराचा झाला की यापुढचे कोड चोराकडेच जाणार, असे वाटून बहुतेक माणसे तिथेच हात टेकतात. पण गूगलने इथे एक फट मुद्दाम उघडी ठेवली आहे. रिकव्हरी ईमेल किंवा फोन नंबर बदलला गेला, तरी आधीच्या पत्त्यावर किंवा नंबरवर पडताळणीचा कोड मागण्याची मुभा पुढचे सात दिवस मिळू शकते. बदल झाला त्याच वेळी जुन्या पत्त्यावर एक सूचनाही जाते. खाते परत मिळणार की नाही, हे बऱ्याचदा ती सूचना कोणी वाचली आणि किती लवकर वाचली यावर ठरते.

एक प्रसंग धरून चालू. साताऱ्यातले एक निवृत्त शिक्षक. त्यांच्या जीमेल खात्याचा रिकव्हरी ईमेल म्हणून पुण्यातल्या मुलीचा पत्ता दिलेला आहे. शनिवारी संध्याकाळी त्यांना वीजबिल थकल्याचा बनावट मेसेज येतो, त्यातली लिंक उघडून ते खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर ईमेल आणि पासवर्ड टाकतात. रात्री दीडच्या सुमाराला चोर आत शिरतो. वेळ ठरवून निवडलेली असते, कारण त्या वेळी कोणी फोन पाहत नाही. तो रिकव्हरी ईमेल बदलतो, नंबर काढतो, पासवर्ड बदलतो. गूगल या बदलांच्या सूचना शिक्षकांच्या इनबॉक्समध्येही टाकते, पण तिथे आता चोरच बसलेला आहे. तो त्या उडवतो आणि कचरापेटीही रिकामी करतो. मुलीच्या इनबॉक्समध्ये गेलेली प्रत मात्र त्याला पुसता येत नाही. त्या घटनेची त्याच्या हाताबाहेर राहिलेली नोंद म्हणजे एवढी एक प्रत.

मुलगी ती सोमवारी सकाळी पाहते. घड्याळ बदल झाला त्या क्षणापासून चालू झालेले आहे, सूचना वाचल्यापासून नव्हे. म्हणजे रविवारच्या पहाटेपासून मोजले तर दीड दिवस जवळजवळ गेलाच आणि साडेपाच दिवस उरले. सूचनेवरची तारीख आणि वेळ आधी नोंदवून ठेवावी, ती याचसाठी.

आता ती सूचना खरी आहे का, हा प्रश्न. गूगलच्या सुरक्षा सूचना `no-reply@accounts.google.com` या पत्त्यावरून येतात, म्हणून प्रेषकाचा पत्ता पाहा असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो अपुरा आहे. एप्रिल 2025 मध्ये अशी फसवी पत्रे उघडकीस आली, ज्यांत प्रेषक म्हणून हाच पत्ता दिसत होता आणि पत्रावरची डिजिटल सहीसुद्धा तपासणीत खरी ठरत होती. गूगलनेच पाठवलेले एक खरे पत्र चोरांनी पुढे पाठवले होते. त्यातली लिंक मात्र `sites.google.com` वर बनवलेल्या पानाकडे नेत होती, आणि तिथे कोणीही पान बनवू शकते. म्हणून सूचनेतले `Check activity` हे बटण दाबायच्या मोहात पडू नये. पत्र वाचावे, बातमी घ्यावी, आणि ब्राउझरमध्ये पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करावा. फोन किंवा लॅपटॉप अजून त्या खात्यात लॉग-इन असेल तर हा:

```
https://myaccount.google.com/notifications
```

बदल खरेच झाला असेल तर तो इथे दिसतो. त्यावर टिचकी मारली की हे तुम्हीच केले का, असे विचारले जाते. नाही म्हटले की खाते सुरक्षित करण्याची पुढची पावले आपोआप समोर येतात. चोराने पासवर्ड बदललेला नसेल, तर काम इथेच होऊन जाते.

आपल्या प्रसंगात पासवर्ड बदललेला आहे आणि शिक्षकांचा फोन पुन्हा लॉग-इन करायला सांगतो आहे. तेव्हा रिकव्हरीचे पान उघडावे लागेल:

```
https://accounts.google.com/signin/recovery
```

इथे पहिल्या झटक्याला मुलगी जे करू पाहील ते नेमके करू नये. ती पुण्यातल्या ऑफिसात, स्वतःच्या लॅपटॉपवर वडिलांचा पत्ता टाकून प्रयत्न सुरू करणार. गूगल कोडबरोबर आणखीही काही पाहते: हे यंत्र या खात्यासाठी पूर्वी वापरले गेले आहे का, ब्राउझर नेहमीचा आहे का, नेहमी लॉग-इन होते त्याच ठिकाणाहून कोणी बोलते आहे का. पुण्यातला लॅपटॉप या खात्याला अनोळखी आहे. गूगलच्या नजरेतून पाहिले तर तो आणि चोराचे यंत्र सारखेच परके. म्हणून प्रयत्न साताऱ्यातून व्हायला हवा. शिक्षकांचाच फोन, त्यावरचा नेहमीचा ब्राउझर, घरचे वायफाय, आणि कोड वाचून सांगायला पुण्यात मुलगी.

दोघे फोनवर बोलत हे करतात. "बाबा, आता शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारेल. तुमचा जुना टाका, नवा चोराचा आहे." जुना पासवर्ड टाकल्याने दार उघडत नाही, पण मालकी पटवायला त्याची मदत होते. मग `Try another way` दाबत गेले की कोड कुठे पाठवायचा याचे पर्याय दिसतात. पत्ता पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे ठिपक्यांनी झाकलेली असतात. म्हणून दिसणारी अक्षरे मुलीच्या पत्त्याशी जुळतात का, हे नीट पाहूनच निवड करावी. घाईत चोराचा पत्ता निवडला, तर कोड त्याच्याकडे जाईल आणि हालचाल सुरू झाल्याचे त्याला कळेल. मुलीच्या इनबॉक्समध्ये सहा आकडी कोड येतो, ती वाचून दाखवते, शिक्षक टाकतात. फोनवर कोणालाही कोड सांगू नये हा नियम इथे मोडत नाही. प्रक्रिया आपण सुरू केली आहे, फोन आपण लावला आहे आणि पलीकडचा आवाज ओळखीचा आहे. याच वेळी दुसऱ्या कोणाचा "गूगलमधून बोलतोय" असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा.

हे नेहमी इतके सरळ जात नाही. चोराने मधल्या वेळात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून त्यावर स्वतःचा फोन बसवला असेल, तर जुन्या पत्त्यावरचा कोड पुरेसा ठरेलच असे नाही. अशा वेळी खात्री करून घ्यायला गूगल साधारण तीन ते पाच कामकाजाचे दिवस घेते. म्हणून बुधवारची वाट न पाहता सोमवारीच अर्ज गेलेला बरा. दर पाच मिनिटांनी वेगवेगळ्या यंत्रांवरून पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने काही साधत नाही, उलट प्रत्येक परके यंत्र संशयात भर घालते. आणि पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो म्हणणाऱ्यांपैकी कोणाकडेही यापेक्षा वेगळी वाट नसते.

दार उघडले की नवा पासवर्ड, आणि तोही दुसरीकडे कुठे वापरलेला नसलेला. पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणची लॉग-इन तुटतात. बहुतेक, सगळी नव्हे. परवानगी दिलेली काही बाहेरची ॲप जोडलेलीच राहू शकतात. म्हणून खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन रिकव्हरी ईमेल आणि नंबर पूर्ववत करावेत, अनोळखी यंत्रे, पासकी आणि जोडलेली ॲप काढावीत. दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर तिचे जुने बॅकअप कोड रद्द करून नवे काढावेत.

पण बरेच जण ज्याकडे पाहतच नाहीत ती जागा सुरक्षा पानावर नसून जीमेलच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये आहे. ती संगणकावर उघडावी, फोनच्या ॲपमध्ये सगळे दिसत नाही. तिथे फॉरवर्डिंग पाहावे: प्रत्येक पत्राची प्रत दुसऱ्या पत्त्यावर जाते आहे का? मग फिल्टर पाहावेत. "बँक" किंवा "ओटीपी" असे शब्द असलेली पत्रे परस्पर कचऱ्यात टाकणारा फिल्टर चोर बनवून ठेवतो, आणि पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी तो फिल्टर तसाच काम करत राहतो. खाते दुसऱ्याला वापरायला देण्याची सोयही तिथेच असते, तीही तपासावी. खाते परत मिळाले, तरीही बँकेची पत्रे येत नाहीत असे दिसले, तर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. या खात्यावरून पैशांचे व्यवहार झाले असतील, तर 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

आणखी एक गोष्ट. सात दिवसांची मुभा "आधीच्या" पत्त्याला आहे, आणि आता आधीचा पत्ता चोराचा झाला आहे. गूगल इतर खुणा पाहते, म्हणून त्याला ती वापरता येईलच असे नाही, पण पुढचा आठवडा मुलीने आपला इनबॉक्स रोज पाहावा आणि आपण न मागितलेला कोड किंवा नवी सूचना दिसली तर लगेच हालचाल करावी.

दुसऱ्या सेवांची रीत थोडी वेगळी आहे. इन्स्टाग्राम ईमेल बदलल्याचे पत्र `security@mail.instagram.com` वरून जुन्या पत्त्यावर पाठवते, आणि बदल उलटवण्याची लिंक त्या पत्रातच असते. म्हणजे तिथे पत्र हीच किल्ली आहे, ते उडवून टाकू नये. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलायला घेतली, तर ती 30 दिवस लागूच होत नाही, आणि तेवढ्यात जुन्या पत्त्यावरच्या सूचनेवरून खरा मालक ती मागणी रद्द करू शकतो.

हे सारे जुना पत्ता जिवंत असण्यावर टेकलेले आहे. अनेकांच्या खात्यांत रिकव्हरी ईमेल म्हणून कॉलेजच्या दिवसांतला रेडिफमेलचा पत्ता किंवा सोडलेल्या नोकरीचा पत्ता अजून तसाच असतो. सूचना तिथे जाते आणि कोणी वाचत नाही. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगलही पुसते, तेव्हा रिकव्हरीसाठी उघडून विसरलेले दुसरे जीमेलही धड उपयोगाचे नाही. मूळ खात्याचाच पासवर्ड त्या पत्त्यालाही असेल, तर चोर दोन्हीकडे शिरतो आणि सूचनेची प्रतही उडवतो. खात्याच्या सुरक्षा पानावर रिकव्हरी ईमेलसमोर कोणता पत्ता लिहिलेला आहे ते उघडून पाहावे, आणि त्या पत्त्यावर आलेले पत्र रोज कोणीतरी वाचते का, हे तो पत्ता ज्याचा आहे त्याला विचारावे.