गॅलरीचा फोटो हिरवा करताना आधी गज मोजा

लातूर/नांदेड : रिकाम्या गॅलरीचा फोटो मोबाईलमधल्या ॲपवर टाकला की मिनिटभरात कुंड्या, वेली आणि दिव्यांनी सजलेली गॅलरी तयार होऊन येते. अडचण नंतर येते. चित्र बघून सामान आणलं तर ते मावत नाही. कारण झाडं लावता लावता ॲपनं गॅलरीच मोठी केलेली असते, किंवा लोखंडी गजांच्या जागी काच बसवलेली असते. ही फसगत ओळखायला कठडाच कामी येतो.

फोटो काढण्याआधी माप

समजा गॅलरी 8 फूट लांब आणि 4 फूट रुंद आहे. खाली एक फुटी फरशी आहे आणि कठड्याला दर 4 इंचाला उभा गज आहे. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत 24 फटी आणि 23 गज. रुंदीत फरशा 4. हे आकडे कागदावर लिहून ठेवायचे.

फोटो दारात उभं राहून, मोबाईल छातीशी सरळ धरून काढावा. 0.5 वाली रुंद लेन्स वापरू नये, त्यात चार फुटांची गॅलरी सहा फुटांची वाटते. दोन्ही बाजूच्या भिंती, फरशी आणि पूर्ण कठडा फोटोत आला पाहिजे. बादली, चपला, दोरीवरचे कपडे आधी काढून घ्यावेत, नाहीतर ॲप त्यांचंही काहीतरी भलतंच करतं.

सूचना कशी लिहायची

‘सुंदर बाग कर’ एवढंच लिहिलं तर ॲप मनानं जागा बदलतं. आधी काय बदलायचं नाही ते लिहावं : भिंती, दार, फरशी, कठड्याचे गज आणि फोटोचा कोन आहे तसाच. मग काय हवं ते मोजून सांगावं : कठड्याला लागून 12 इंची चार कुंड्या, डाव्या कोपऱ्यात एक बोगनवेल, बस्स. चित्र चुकलं तर त्याच चित्रावर पुन्हा पुन्हा दुरुस्ती करू नये. प्रत्येक वेळी जागा थोडी थोडी सरकत जाते. मूळ फोटोपासून पुन्हा सुरुवात करावी.

चित्र खरं की खोटं?

आता कागद काढून गज मोजायचे. 23 च्या जागी 30 भरले तर गॅलरी ताणली गेली. रुंदीत 4 च्या जागी 6 फरशा दिसल्या तर दोन फूट जागा हवेतून आली. तिसरी खूण कुंडीची. कठड्याला टेकलेली 12 इंची कुंडी बरोबर तीन फटी झाकते. दोनच झाकत असेल तर ती 8 इंची आहे, आणि तिच्यात चित्रातली मोठी बोगनवेल जगणार नाही. मात्र अलीकडं, मोबाईलजवळ ठेवलेली कुंडी मोठीच दिसते, तिला हा हिशोब लावू नये.

आधीचं आणि नंतरचं एकाच कोनातून दाखवायची युक्ती जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडचा बागरचनाकार हम्फ्री रेप्टन गिऱ्हाइकाच्या जागेचं चित्र काढून त्यावर कागदाची झडप लावायचा. झडप उचलली की नियोजित बाग दिसायची. मोबाईलवर दोन्ही फोटो मागंपुढं सरकवून तेच करता येतं. कठडा जागचा हलला तर लगेच कळतं.

चित्रात न दिसणारं

पहिलं पाणी. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. 12 इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज साधारण एक लिटर धरलं तरी दहा कुंड्यांना बादलीभर लागतं. चित्रातलं लॉन आणि फर्न इथल्या मे महिन्यात करपतात. त्यापेक्षा बोगनवेल, सदाफुली, कोरफड सांगावी.

दुसरं वजन. अशी एक मातीची कुंडी पाणी घातल्यावर वीसेक किलो भरते. गॅलरी जुनी, पुढं आलेली असेल तर कुंड्या भिंतीच्या बाजूला ठेवाव्यात आणि इंजिनिअरला विचारावं.

तिसरं कठडा. चित्रात कुंड्या बाहेरच्या बाजूनं लटकवलेल्या दिसतात. वळवाच्या वाऱ्यात त्या खाली रस्त्यावर पडू शकतात, म्हणून आतूनच लावाव्यात. घरात लहान लेकरू असेल तर कठड्याजवळ कुंडी ठेवूच नये. तिच्यावर पाय देऊन ते वर चढतं.

दिव्यांची सूचना शेवटी, वेगळी द्यावी. त्याआधी गॅलरीत प्लगचं बटण कुठं आहे ते बघावं. चित्रात वायर नसते, घरात लागते. पावसाचं पाणी येत असेल तर IP65 लिहिलेली माळच घ्यावी.

बाजारात जाण्याआधी शेवटची खात्री म्हणून खडूनं फरशीवर कुंड्यांचे गोल काढावेत, खुर्ची ठेवावी आणि दार उघडून बघावं. दार अडलं, तर एक कुंडी कमी करावी.