फॅटी लिव्हर ग्रेड २, पित्ताशयात खडे: रिपोर्ट वाचायचा कसा?

सोनोग्राफीचा रिपोर्ट हल्ली व्हॉट्सअॅपवर पीडीएफच्या रूपात येतो आणि डॉक्टरांच्या आधी तो घरातले सगळे वाचतात. तुमच्याकडेही असंच होत असेल. शेवटी ‘इम्प्रेशन’ या शब्दाखाली दोन ओळी असतात, त्यातल्या ‘ग्रेड’ या शब्दावर नजर अडकते आणि मग शाळेच्या निकालासारखी चर्चा सुरू होते. ग्रेड १ म्हणजे पास, ग्रेड २ म्हणजे काळजी, ग्रेड ३ म्हणजे संपलंच.

द्वारकेत माझी आत्या आणि आतोबा राहतात. इथे प्रत्येक सेक्टरच्या मार्केटमध्ये एखादी लॅब असते आणि ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज जोडीने घेतलं तर सवलत मिळते. दोघांनी ते घेतलं. (दिल्लीत सोनोग्राफी म्हटलं, की काउंटरवरचा मुलगा ‘अल्ट्रासाउंड ना?’ असं विचारून घेतो. गोष्ट एकच.) आत्या ४६ वर्षांची. तिच्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर ग्रेड २ आणि पित्ताशयात खडे. आतोबा ५८ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह. त्यांच्या रिपोर्टमध्ये फक्त फॅटी लिव्हर ग्रेड १. साहजिकच घरात सगळी धावपळ आत्यासाठी झाली. आतोबांचा रिपोर्ट कपाटात गेला. झालं होतं नेमकं उलटं, पण ते कळायला आम्हाला दोन महिने लागले.

ग्रेड ठरवतं कोण?

यंत्र ठरवत नाही. तपासणारे डॉक्टर पडद्यावर यकृताचा रंग बघून ठरवतात. सोनोग्राफीत ध्वनिलहरी आत जातात आणि परत येतात. निरोगी यकृत पडद्यावर शेजारच्या उजव्या किडनीइतकंच किंवा किंचित जास्त करडं दिसतं. यकृताच्या पेशींत चरबी साठली, की लहरी जास्त विखुरतात आणि यकृत किडनीपेक्षा पांढरट, उजळ दिसू लागतं. रिपोर्टमधल्या ‘एकोजेनिसिटी वाढली आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच.

ग्रेड १ मध्ये यकृत थोडं उजळ असतं, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा आणि मागचा श्वासपटलाचा पडदा स्पष्ट दिसतो. ग्रेड २ मध्ये उजळपणा वाढतो आणि त्या कडा पुसट होतात. ग्रेड ३ मध्ये चरबी लहरींना इतकं अडवते, की यकृताचा मागचा भाग आणि श्वासपटल नीट दिसतच नाहीत.

म्हणजे ग्रेड सांगते ती साधारण किती चरबी साठली आहे ते. हा नजरेचा अंदाज असल्यामुळे एकाच माणसाला एका केंद्रात ग्रेड १ आणि दुसऱ्या केंद्रात ग्रेड २ मिळू शकते. चरबी २०-३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर सोनोग्राफीत ती सुटूही शकते, खरं तर ५ टक्क्यांच्या वर गेली तरी तिला फॅटी लिव्हरच म्हणतात. त्यामुळे सहा महिन्यांत ग्रेड २ ची १ झाली म्हणून पेढे वाटण्याआधी दोन्ही तपासण्या एकाच ठिकाणच्या आहेत का, ते बघा.

जे ग्रेड सांगत नाही

यकृताचं खरं नुकसान चरबीने थेट होत नाही. काही लोकांत त्या चरबीमुळे यकृताला सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली, की जखम भरल्यावर व्रण राहतो तसे यकृतात कडक धागे तयार होतात. याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरॉसिस. फायब्रोसिसच्या पायऱ्या वेगळ्या मोजतात, शून्य ते चार. सोनोग्राफीची ग्रेड आणि या पायऱ्या यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक घरात होते. आमच्याकडेही झाली. ग्रेड ३ असलेल्या माणसात फायब्रोसिस अजिबात नसू शकतो आणि ग्रेड १ असलेल्यात तो बराच पुढे गेलेला असू शकतो. एवढंच नाही, सिरॉसिसच्या टप्प्यावर यकृतातली चरबी कमीही होते, म्हणजे ग्रेड ‘सुधारते’.

मग फायब्रोसिसचा अंदाज कसा घ्यायचा? त्यासाठी फिब-४ नावाचा एक साधा हिशेब आहे. त्याला लागणारे आकडे पॅकेजच्या रक्ततपासणीत बहुतेक वेळा असतातच: वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. वयाला एसजीओटीने गुणायचं. प्लेटलेट्स हजारात घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं.

आत्याचे आकडे असे: वय ४६, एसजीओटी ३८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख ३० हजार, म्हणजे २३०. ४६ गुणिले ३८ म्हणजे १७४८. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून २३० गुणिले ८ म्हणजे १८४०. भागाकार ०.९५. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. (६५ च्या पुढच्या वयात ही मर्यादा २ धरतात, कारण वयामुळेच आकडा फुगतो.)

आता आतोबा. वय ५८, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स १ लाख ४० हजार. वर ३५९६, खाली १४० गुणिले ७ म्हणजे ९८०. उत्तर जवळपास ३.७. २.६७ च्या वर गेलं, की यकृताच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

हा हिशेब आम्ही केला नव्हता. आत्याच्या डॉक्टरांनी केला. ती दाखवायला गेली तेव्हा आतोबा बाहेर बाकावर बसले होते, आणि डॉक्टरांनी ‘यांचेही रिपोर्ट आहेत का?’ असं सहज विचारलं. मधुमेह आहे हे ऐकून विचारलं असणार. त्यांनी आतोबांच्या सोनोग्राफीतली आणखी एक ओळ दाखवली, जी आमच्यापैकी कोणीच वाचली नव्हती: पाणथरी १३.२ सेंटीमीटर, थोडी मोठी. एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त, प्लेटलेट्स थोड्या कमी आणि पाणथरी मोठी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की यकृत कडक होत असल्याचा संशय येतो. सुटी सुटी बघितली तर प्रत्येक ‘थोडीशीच’ वाटते.

पुढची तपासणी फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखीच, सुई नाही, तीन तास उपाशी राहायचं, दहा मिनिटांत होते. ती यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजते. मोठ्या रुग्णालयांत आणि यकृताच्या केंद्रांत ती होते. दिल्लीत वसंत कुंजला ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हर अँड बिलिअरी सायन्सेस’ हे खास याच आजारांचं सरकारी इस्पितळ आहे. साधारण ८ च्या खाली आलं तर निश्चिंत, १२ च्या वर आलं तर धोका जास्त. आतोबांचं १४ आलं. आत्याचं सांगितलंच नाही, कारण गरज नव्हती.

खड्यांना ग्रेड नसते

आता आत्याच्या दुसऱ्या ओळीकडे या. ‘कोणत्या ग्रेडचे स्टोन आहेत?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. पित्ताशयातल्या खड्यांना ग्रेड नसतेच. तिथे चार गोष्टी बघायच्या. खडे किती मोठे आणि एक की अनेक. पित्ताशयाची भिंत किती जाड, ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. पित्तनलिका म्हणजे रिपोर्टमधलं ‘सीबीडी’ किती रुंद, साधारण ६ मिलिमीटरपर्यंत ठीक. आणि पित्ताशयाभोवती पाणी आहे का.

आत्याच्या रिपोर्टमध्ये अनेक खडे, सर्वांत मोठा ९ मिलिमीटर, भिंत २, नलिका ४, पाणी नाही. ‘पोस्टिरियर अकूस्टिक शॅडोइंग’ हे भारदस्त शब्द वाचून ती घाबरली होती. खडा घट्ट असल्यामुळे लहरी त्याच्यापलीकडे जात नाहीत आणि मागे काळी सावली पडते, एवढाच त्याचा अर्थ. कूस बदलल्यावर खडा घरंगळतो. सावली नसेल आणि ती वस्तू भिंतीला चिकटून असेल, तर तो खडा नसून पॉलिप असू शकतो. तो १० मिलिमीटरच्या पुढे असेल तर पित्ताशय काढायचा सल्ला देतात.

शेजाऱ्यांचा सल्ला होता, लगेच ऑपरेशन. सर्जननी विचारलं, ‘दुखतं का?’ आत्या म्हणाली, गॅस होतो, ढेकर येतात. ती खड्यांची लक्षणं नव्हेत. खड्यांचं दुखणं ओळखू येतं: उजव्या बरगड्यांखाली किंवा छातीखाली मधोमध, बहुधा जड जेवणानंतर किंवा रात्री, एकसारखं अर्धा तास ते काही तास टिकणारं, कधी पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाणारं. असं कधीच झालं नसेल तर ते ‘मुके’ खडे. वर्षाला शंभरातल्या साधारण एक ते तीन जणांनाच त्यांचा त्रास सुरू होतो. म्हणून आत्याला थांबायला सांगितलं. भिंत जाड असती, खडा ३ सेंटीमीटरचा असता किंवा सोबत पॉलिप असता, तर हा निर्णय बदलला असता. उत्तर भारतात पित्ताशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दक्षिणेपेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे जाड भिंतीकडे इथले डॉक्टर दुर्लक्ष करत नाहीत.

दुखणं पाच-सहा तासांत थांबलं नाही, सोबत थंडी-ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. लहान खडा नलिकेत सरकून अडकला, की असं होतं. कावीळ होते, स्वादुपिंडाला सूजही येते. म्हणजे ‘चार मिलिमीटरचाच आहे’ यात दिलासा मानण्यासारखं काही नाही. शिवाय नलिकेतला खडा साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही, त्यासाठी एमआरसीपी करावी लागते.

आणि नाही, हे खडे मूतखड्यासारखे पाणी पिऊन पडत नाहीत. सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेलाच्या उपायानंतर शौचातून पडणारे हिरवे गोळे त्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात.

दोन आजार, एक अडचण

ग्रेड २ ऐकल्यावर आत्याने फक्त ज्यूसवर राहायला सुरुवात केली होती. पहिल्या दोन आठवड्यांत पाच किलो उतरले आणि ती खूश. डॉक्टर मात्र नाराज झाले. वजन झपाट्याने, आठवड्याला दीड किलोहून जास्त उतरलं, की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि पोटात तेल-तूप न गेल्याने पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त साचतं, नवे खडे होतात. यकृताला वजन उतरायला हवं, पित्ताशयाला ते सावकाश उतरायला हवं. आत्याचं वजन तेव्हा ७८ किलो होतं. त्यातले ७ ते १० टक्के, म्हणजे साडेपाच ते आठ किलो कमी झाले तर यकृताची सूजही उतरते. उरलेल्या वजनासाठी आठवड्याला अर्धा किलो असा वेग ठरला. जेवणात पोळीवर एक चमचा तूप परत आलं, साखरेचा चहा गेला.

आतोबांचा हिपॅटायटिस बी आणि सी तपासला, दोन्ही निगेटिव्ह. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का, हे बघायला एंडोस्कोपी झाली. फुगलेल्या नव्हत्या. आता त्यांची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी होते, यकृतात गाठ तर नाही ना हे बघण्यासाठी. गेल्या वेळच्या रिपोर्टमध्येही ‘ग्रेड १’च लिहिलंय. आत्या आता ती ओळ सोडून आधी पाणथरीचा आकडा शोधते.